२०० बारच्या सिलिंडरात दीड किलो जादा गॅस येतो कुठून? वास्तव वायूंचं गणित, टप्प्याटप्प्याने

सीएनजी गाडीच्या डिकीत बसवतात त्यातला एक नेहमीचा सिलिंडर घेऊ. त्यात ६० लिटर पाणी मावतं आणि पंपावर तो साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात. सीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन, म्हणून सध्या आत शुद्ध मिथेनच आहे आणि तापमान २७ अंश सेल्सिअस आहे असं धरू. अकरावीत शिकलेलं वायूचं समीकरण वापरलं, तर या सिलिंडरात ७.७ किलो मिथेन मावायला हवा. प्रत्यक्षात त्याच दाबाला, त्याच तापमानाला ९.३ किलो मावतो. फरक २० टक्क्यांहून जास्त आहे, त्यामुळे तो मोजमापातली किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही. हा जादा दीड किलो कुठून आला ते शोधता शोधता वास्तव वायू आदर्श वायूसारखे का वागत नाहीत, हे बऱ्यापैकी उलगडतं. पुढचं सगळं या एकाच सिलिंडरावर केलं आहे. साधा कॅल्क्युलेटर जवळ असेल तर सोबत आकडे टाकत चला.

आधी आदर्श उत्तर काढा

कितीही बारीक गणित करायचं असलं तरी पहिलं पाऊल आदर्श समीकरणाचंच. मागाहून केलेल्या दुरुस्तीची तुलना करायला काहीतरी हाताशी लागतं.

```
pV = nRT
n = (200 × 60) / (0.08314 × 300) = 481 mol
481 × 16.04 g = 7.7 kg
```

इथे चुका होतात त्या भौतिकशास्त्राच्या नसतात, एककांच्या असतात. दाब बारमध्ये आणि घनफळ लिटरमध्ये घेतलं तर R ची किंमत 0.08314. पुस्तकात पाठ केलेला 0.0821 हा वातावरण या एककासाठी आहे. तो बारसोबत वापरला की उत्तर सव्वा टक्क्याने हलतं. चूक एवढी लहान की लक्षातही येत नाही, आणि नंतर माणूस तिलाच वायूचं विचलन समजून बसतो. तापमान केल्विनमध्येच हवं. दाबमापकाचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून त्यात १ बार मिळवायचा. २०० बारला या एकने काही बिघडत नाही. २ बारला मात्र तो विसरलात, तर उत्तर एक तृतीयांशाने कमी येईल.

Z म्हणजे काय, आणि तो कसा वाचायचा

आता मोजलेल्या घनफळाला आदर्श घनफळाने भागायचं. जे गुणोत्तर येतं तो संपीड्यता गुणांक, Z.

```
Z = pV / nRT
```

आदर्श वायूसाठी Z नेहमी १ असतो. आपल्या मिथेनसाठी २०० बार आणि ३०० केल्विनला तो ०.८३ आहे. याचा अर्थ दोन अंगांनी लावता येतो आणि दोन्ही अंगं डोक्यात असलेली बरी. दाब ठरलेला असेल, तर वायू आदर्श वायूपेक्षा कमी जागा घेतो. ७.७ ला ०.८३ ने भागा, ९.३ येतात, म्हणजे आपला जादा दीड किलो. दुसरीकडून पाहिलं, तर तेवढाच वायू तेवढ्याच जागेत आदर्श वायूपेक्षा कमी दाब देतो. ९.३ किलो मिथेन आदर्शपणे वागला असता, तर या सिलिंडराचा काटा २४० बारच्या आसपास असता. Z एकापेक्षा मोठा असेल तर ही दोन्ही वाक्यं उलटी करायची.

इथपर्यंत Z हा नुसता मोजलेला आकडा आहे. तो वायू किती चुकतोय ते सांगतो, का चुकतोय ते सांगत नाही. त्यासाठी सिलिंडराच्या आत, रेणूंच्या मापावर उतरावं लागतं.

दोन रेणूंमधलं अंतर मोजा

सगळं प्रकरण याच पायरीवर कळतं असं माझं मत आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. एका मोलच्या घनफळाला अॅव्होगाड्रो संख्येने भागा, म्हणजे एका रेणूच्या वाट्याला किती जागा येते ते मिळेल. त्याचं घनमूळ काढा, की शेजारच्या रेणूपर्यंतचं सरासरी अंतर मिळालं.

१ बार आणि ३०० केल्विनला मिथेनच्या एका मोलला सुमारे २४.९ लिटर जागा असते. त्यातून अंतर येतं ३.५ नॅनोमीटर. रेणूचा व्यास साधारण ०.३८ नॅनोमीटर, म्हणजे शेजारी नऊ व्यासांवर आहे. २०० बारला एका मोलच्या वाट्याला फक्त ०.१०३ लिटर उरतात आणि अंतर ०.५६ नॅनोमीटरवर येतं, जेमतेम दीड व्यास. ४०० बारला तेच सुमारे ०.४७ नॅनोमीटर होतं.

या आकड्यांशेजारी आता बलं ठेवा. मिथेनच्या रेणूला कायमचे धन आणि ऋण ध्रुव नसतात, त्यामुळे ध्रुवांमधलं आकर्षण इथे नाही. पण रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एका क्षणापुरते ते एका बाजूला सरकले, की शेजारच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांनाही ते सरकवतात आणि दोघांत क्षीण ओढ तयार होते. १९३० च्या सुमारास फ्रिट्झ लंडनने या ओढीचं गणित मांडलं, म्हणून तिला लंडन बल म्हणतात. या ओढीची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट झालं की ती चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. सरासरी अंतरावरच्या एका जोडीपुरतं बोलायचं, तर १ बारवरून २०० बारवर जाताना अंतर सहा पटींहून थोडं जास्त घटलं. म्हणजे त्या जोडीतली ओढ पन्नास हजार पटींहून जास्त वाढली. दाब वाढला दोनशेच पट.

ही ओढ कायम वाढत राहत नाही. मिथेनच्या दोन रेणूंमध्ये ०.४२ नॅनोमीटरच्या आसपास अंतर असताना ऊर्जा सगळ्यात खाली असते. त्याहून जवळ आणलं की इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसू लागतात आणि प्रतिकर्षण झपाट्याने वाढतं. ०.३८ पर्यंत आणेस्तोवर ओढीचा सगळा फायदा संपलेला असतो. आता वरची अंतरं पुन्हा पाहा. २०० बारचे ०.५६ नॅनोमीटर ओढीच्या टप्प्यात येतात. ४०० बारचे ०.४७ हे सरासरी अंतर आहे, आणि रेणू सतत इकडेतिकडे धावत असल्यामुळे बऱ्याच जोड्या त्या वेळी सरासरीपेक्षा पुष्कळ जवळ, प्रतिकर्षणाच्या हद्दीत असतात.

Z चा आलेख खाली का जातो, वर का येतो

३०० केल्विनला मिथेनचा दाब वाढवत न्या. १ बारला Z ०.९९८ असतो, तिथे आदर्श समीकरण बिनधास्त वापरावं. १० बारला तो ०.९८, ५० बारला ०.९२ च्या आसपास आणि १०० बारला ०.८५ होतो. तिथून उतार मंदावतो. दीडशे ते दोनशे बारच्या दरम्यान ०.८३ च्या जवळपास तळ लागतो. मग आलेख वर वळतो. ३०० बारला तो ०.९ च्या आसपास असतो, ४०० च्या जवळपास १ ला छेदतो आणि पुढे चढतच जातो.

या ४०० बारच्या छेदावर थोडं थांबू, कारण परीक्षेत आणि परीक्षेबाहेरही लोक इथे फसतात. Z बरोबर १ आला म्हणून तिथे मिथेन आदर्श झाला असं म्हणता येत नाही. उलट, आतली दोन्ही बलं आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या मापात आहेत आणि त्या एका दाबाला त्यांचे परिणाम एकमेकांना फेडतात, एवढंच. खरा आदर्श वायू दाब थोडा कमीजास्त केला तरी १ वरच राहतो. इथे दाब ५० बारने बदलला की Z लगेच १ सोडतो. म्हणून वायू आदर्श आहे का हे ठरवताना Z ची किंमत पाहून भागत नाही. दाब बदलला की ती किती हलते तेही पाहावं लागतं.

दाब असा भरमसाट वाढवून मोजण्याचा उद्योग जुना आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एमिल अमागा याने खाणीच्या खोल विहिरीत पाऱ्याचा तीनशे मीटरहून उंच स्तंभ उभारून ४०० वातावरणांच्या पलीकडच्या दाबांना वायूंची घनफळं मोजली. आलेख आधी उतरतो आणि मग चढतो, हे अशाच मोजमापांतून पक्कं झालं. तोवर याचं स्पष्टीकरण देणारं समीकरणही आलं होतं. १८७३ मध्ये योहानेस व्हॅन डर वाल्स याने लायडन विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात ते होतं.

दोन दुरुस्त्या वेगळ्या करून पाहा

```
p = RT / (V − b) − a / V²
```

इथे V म्हणजे एका मोलचं घनफळ. मिथेनसाठी a = 2.30 आणि b = 0.0430 घ्या, बार आणि लिटर या एककांत.

b हा रेणूंच्या अंगच्या जागेचा हिशोब आहे. एक रेणू जिथे आहे तिथे दुसऱ्याचं केंद्र येऊ शकत नाही, त्यामुळे हिंडायला मोकळी जागा सिलिंडराच्या घनफळापेक्षा कमी उरते. दोन गोळे एकमेकांना टेकले की त्यांच्या केंद्रांमधलं अंतर एका व्यासाएवढं असतं. म्हणून b ची किंमत रेणूंच्या प्रत्यक्ष घनफळाच्या चौपट येते.

a हा ओढीचा हिशोब. भिंतीवर आदळायला निघालेल्या रेणूला मागचे रेणू आत खेचतात, त्यामुळे त्याचा धक्का थोडा मवाळ होतो. खेचणारे किती हे घनतेवर ठरतं आणि आदळणारे किती हेही घनतेवरच ठरतं. म्हणून घट घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे a/V² एवढी येते.

आता आपला सिलिंडर. २०० बारला मोजलेलं V आहे ०.१०३३ लिटर. RT होतो २४.९४. दोन्ही दुरुस्त्या एकदम न लावता एकेक लावा. काहीच दुरुस्ती केली नाही तर दाब येतो २४.९४ / ०.१०३३, म्हणजे २४१ बार. फक्त b ची दुरुस्ती लावली तर २४.९४ / ०.०६०३, म्हणजे सुमारे ४१४ बार. मग a ची वजाबाकी: २.३० / ०.०१०६७, म्हणजे सुमारे २१६ बार. ४१४ मधून २१६ गेले, १९८ उरले. काट्यावर आहेत २०० बार.

मला हा हिशोब आवडतो तो शेवटच्या उत्तरासाठी नाही, मधल्या आकड्यांसाठी. २४१ आणि २०० यांमधला फरक पाहून वाटतं की वायू आदर्शपणापासून थोडासा ढळला आहे. आत मात्र जागेच्या अडचणीने दाब १७३ बारने वर ढकलला आहे आणि ओढीने तो २१६ बारने खाली खेचला आहे. Z मधून आपल्याला दिसते ती या दोन मोठ्या परिणामांची उरलेली बाकी. १ बारला हाच हिशोब केलात, तर दोन्ही दुरुस्त्या बारच्या हजाराव्या भागांत येतात. म्हणून तिथे वायू आदर्श वाटतो. बलं तिथेही असतात, रेणू एकमेकांच्या पुरेसे जवळ नसतात इतकंच.

दाब माहीत असेल आणि घनफळ काढायचं असेल तर

वर आपण मोजलेलं V आयतं घेतलं. पंपावर किंवा प्रयोगशाळेत उलटी स्थिती असते. दाब काट्यावर दिसतो आणि आत किती वायू आहे ते काढायचं असतं. समीकरण V साठी तिसऱ्या घाताचं होतं, पण ते सोडवायची गरज नाही. ते असं मांडा:

```
V(नवं) = b + RT / (p + a / V(जुनं)²)
```

सुरुवात आदर्श उत्तरापासून करा: २४.९४ / २००, म्हणजे ०.१२४७ लिटर. हे उजवीकडे घातलं की ०.११४७ येतं. ते पुन्हा घाला, ०.१०९५ येईल. पुढे ०.१०६७, ०.१०५०, ०.१०४१ असं करत उत्तर ०.१०२६ वर स्थिरावतं. दहा-बारा फेऱ्या लागतात, कारण प्रत्येक फेरीत उरलेली चूक साधारण निम्म्याहून थोडी जास्तच शिल्लक राहते. दोन-तीन फेऱ्यांत कंटाळून थांबलात तर Z ०.८६ च्या आसपास निघेल आणि तो बरोबर वाटेलही. म्हणून लागोपाठच्या दोन उत्तरांतला फरक चौथ्या दशांश स्थळाच्या खाली गेल्याशिवाय थांबू नका. शेवटी V पुन्हा मूळ समीकरणात घालून दाब २०० येतो का ते तपासा. ०.१०२६ घातला की येतो.

यावरून Z = २०० × ०.१०२६ / २४.९४ = ०.८२. मोजलेल्या ०.८३ च्या अगदी शेजारी. ६० लिटरमध्ये ५८५ मोल, म्हणजे ९.४ किलो.

हे समीकरण कुठे फसतं

हे उत्तर इतकं छान जुळलं की संशय यायला हवा. १०० बारला करून पाहा. मोजलेलं V ०.२१३ लिटर. ते घातलं की दाब येतो ९६ बार, म्हणजे ४ टक्के कमी. ठीक आहे. आता ४०० बारला करा. तिथे V साधारण ०.०६४ लिटर आहे. समीकरण म्हणतं, दाब ६०० बारच्या वर असायला हवा. दीडपट चूक! २०० बारला जुळलेलं उत्तर बरंचसं योगायोगाचं होतं. कमी दाबाची एका दिशेची चूक आणि जास्त दाबाची उलट दिशेची चूक यांच्यामधला तो बिंदू होता.

४०० बारला बिघडतं ते b मध्ये. चौपट घनफळाचा हिशोब दोनच रेणू एकमेकांजवळ येतात असं धरून केलेला आहे. रेणू दाटीवाटीने उभे राहिले की एकाची बंद जागा शेजाऱ्याच्या बंद जागेवर चढते आणि तीच जागा दोनदा मोजली जाते. ४०० बारला V ०.०६४ आणि b ०.०४३, म्हणजे समीकरणाच्या मते सिलिंडराचा दोन तृतीयांश भाग बंद. प्रत्यक्षात रेणूंना हलायला त्याहून बरीच जास्त जागा असते. म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा. b/V हे गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेलं की या समीकरणाचा आकडा कामाला वापरू नका. दिशा कळण्यापुरता तो ठीक. आपला सिलिंडर २०० बारला नेमका या कडेवर उभा आहे.

कमी दाबाच्या टोकाला दुसरी सोपी वाट आहे. तिथे Z आणि दाब यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेचं असतं:

```
Z ≈ 1 + Bp / RT,   B ≈ b − a / RT
```

मिथेनसाठी ३०० केल्विनला B ची मोजलेली किंमत मोलला सुमारे −०.०४२ लिटर आहे. १० बारला Z निघतो ०.९८३. वीस-तीस बारपर्यंत यापलीकडे काही लागत नाही. B च्या सूत्रातच आलेखाचा स्वभाव दिसतो. तापमान वाढवलं की ओढीचा भाग, a/RT, लहान होत जातो. एका तापमानाला तो b एवढा होतो आणि B शून्य होतो. त्याला बॉइल तापमान म्हणतात. मिथेनचं ते ५१० केल्विनच्या आसपास आहे. वरच्या a आणि b वरून काढलंत तर सुमारे ६४० येईल, यावरूनही या दोन स्थिरांकांवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

दुसरा वायू आला तर: आधी क्रांतिक तापमान पाहा

सिलिंडरात मिथेन नसेल तर काय होईल याचा अंदाज ओढीची खोली आणि उष्णतेची ऊर्जा यांच्या तुलनेवरून येतो. मिथेनच्या जोडीतली ओढ तापमानाच्या भाषेत सांगायची तर १५० केल्विनच्या आसपासची आहे. ३०० केल्विनला रेणूंची उष्णता तिच्या दुप्पट असते, त्यामुळे ओढ जाणवते पण रेणूंना बांधून ठेवू शकत नाही. हायड्रोजनची ओढ ४० केल्विनहूनही कमी. खोलीच्या तापमानाला ती मोजणीतच येत नाही, फक्त जागेची अडचण उरते. म्हणून हायड्रोजनचा Z खोलीच्या तापमानाला सुरुवातीपासून १ च्या वरच चढतो, खाली उतरतच नाही. ३५० बारला त्याची घनता घनमीटरला सुमारे २४ किलो असते आणि ७०० बारला सुमारे ४०. दाब दुप्पट केला आणि वायू वाढला दोन तृतीयांशच. ७०० बारला Z १.४६ च्या आसपास असतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या टाक्या ७०० बारच्या असूनही त्यांत ५-६ किलोच का मावतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

व्यवहारात ही तुलना क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान, आणि त्या तापमानाला द्रव करायला लागणारा क्रांतिक दाब यांवरून करतात. आपल्या तापमानाला वायूच्या क्रांतिक तापमानाने भागा आणि दाबाला क्रांतिक दाबाने. मिथेनसाठी १९०.६ केल्विन आणि ४६ बार, म्हणजे ३०० केल्विन आणि २०० बारला ही गुणोत्तरं १.५७ आणि ४.३५ येतात. ही दोन गुणोत्तरं सारखी असलेल्या साध्या वायूंचा Z जवळपास सारखाच असतो, त्यामुळे सगळ्यांसाठी मिळून एकच तक्ता चालतो आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो छापलेला असतो. हायड्रोजन आणि हेलियम त्यात नीट बसत नाहीत, पाण्याच्या वाफेसारखे ध्रुवीय वायूही नाहीत.

पहिलं गुणोत्तर १ च्या खाली आलं तर हे सगळं गणित तिथेच थांबवा. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३०४ केल्विन, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस. ३०० केल्विनला त्याला दाबत गेलात, तर ६७ बारच्या आसपास त्याचा द्रव होऊ लागतो आणि त्यापुढे सिलिंडरात वायू ऐवजी द्रव वाढत जातो. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. अशा सिलिंडरात थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब हलत नाही, म्हणून किती उरलंय हे वजनावरूनच कळतं.

पंपावर परत: काटा आणि किलो

कागदावर आपल्याला ९.३ किलो मिळाले. पंपावर मात्र असा सिलिंडर इतका भरलेला सहसा दिसत नाही, आणि त्याला कारण गॅस आत कोंबताना वाढणारं तापमान. समजा भरताना आतला वायू ४७ अंशांपर्यंत, म्हणजे ३२० केल्विनपर्यंत तापला. काटा २०० वर आला आणि पंप थांबला. या तापमानाला Z सुमारे ०.८६. एक तर तापमानामुळे वायू विरळ झाला आणि वर ओढ कमी पडल्याने Z ही वाढला, असा दुहेरी तोटा. हिशोब केला की ८.४ किलो येतात. गाडी उभी राहून सिलिंडर २७ अंशांवर आला, की काटा १८० च्या आसपास उतरतो. ही गळती नाही. गळती आहे का ते पाहायचं असेल, तर सिलिंडर पुरता थंड झाल्यावरचा दाब लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, साधारण त्याच तापमानाला पुन्हा पाहा.

भारतात सीएनजी किलोने विकतात आणि पंपावरचं मापक वस्तुमानच मोजतं, त्यामुळे Z मुळे कुणाच्या खिशाला चाट बसत नाही. Z चा प्रश्न येतो तो काट्यावरून टाकीत किती उरलंय ते ठरवताना. उरलेला वायू दाबाच्या नव्हे, p/Z च्या प्रमाणात असतो. थंड सिलिंडरात २०० बारला p/Z २४१ येतो. १०० बारला १००/०.८५५, म्हणजे ११७. हे पूर्ण भरलेल्याच्या ४८ टक्के, म्हणजे काटा अर्ध्यावर असताना तो जवळजवळ खरं बोलतो. ५० बारला ५०/०.९२, म्हणजे ५४, साडेबावीस टक्के. काटा मात्र पाव टाकी दाखवत असतो. शेवटच्या पावात गाडी अंदाजापेक्षा थोडी लवकर कोरडी पडते त्याला हेही एक कारण आहे. दुसरं कारण असं की इंजिनाला गॅस पुरवणाऱ्या रेग्युलेटरला थोडा दाब लागतोच, त्यामुळे तळाचा गॅस वापरता येत नाही.

आणखी एक दुरुस्ती राहिली. पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक वायूत मिथेनबरोबर थोडा इथेन, प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनही असतो. इथेन आणि प्रोपेनची ओढ मिथेनपेक्षा जास्त आहे, त्यांचं प्रमाण वाढलं की Z आणखी खाली जातो. नायट्रोजनची ओढ कमी, तो Z वर नेतो. मिश्रणासाठी सोपी रीत अशी की प्रत्येक घटकाच्या क्रांतिक तापमानाला आणि दाबाला त्याच्या मोल-प्रमाणाने गुणून बेरीज करायची आणि ती बेरीज एकाच काल्पनिक वायूची मानून तक्ता वाचायचा. मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ही रीत चांगली चालते. कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर तिची चूक वाढते, आणि मग मिश्रणासाठी खास तयार केलेली समीकरणं संगणकावर सोडवावी लागतात.